काका आजोबा झाले, मावशी आजी झाली

घरच्या ग्रुपवर सकाळी सकाळी बातमी येते: ‘मुलगी झाली. 2 किलो 900 ग्रॅम. दोघी सुखरूप.’ पुढच्या दहा मिनिटांत खाली गुच्छांची, हात जोडलेल्या चित्रांची आणि दुडदुडणाऱ्या बाळांची रांग लागते. ताईचं अभिनंदन होतं, जावईबापूंचं होतं. ज्या मावशीने ही बातमी टाकलेली असते तिच्या वाट्याला फार तर ‘आजी झालीस, पार्टी पाहिजे’ एवढं येतं. खरं तर बातमी टाकणारी तीच, रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसलेली तीच, आणि पुढचे तीन महिने ज्या घराची घडी विसकटणार ते घरही तिचंच.

तयार मजकुराची सवय आपल्याला मोबाइलने लावली असं म्हणतात, ते काही खरं नाही. तारखात्याकडे शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांची क्रमांकवार यादी असायची. दिवाळी, लग्न, परीक्षेतलं यश अशा प्रसंगांबरोबर नव्या बाळाच्या आगमनाचंही एक वाक्य तिच्यात होतं. आपण क्रमांक लिहायचा, पलीकडे पूर्ण वाक्य पोचायचं. पण तेव्हा शब्दागणिक पैसे पडत, ही सबब तरी होती. जुलै 2013 मध्ये तार बंद झाली आणि ती सबबही गेली. आता चार ओळी आपल्या हाताने लिहायला काहीच खर्च नाही. अडचण एवढीच की त्या चार ओळींत नेमकं काय लिहावं ते सुचत नाही.

सुचत नाही, कारण आधी एक गोष्ट पाहायची राहून जाते: आजी-आजोबा झालेलं माणूस मुलीकडचं आहे की मुलाकडचं? पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आपल्याकडे अजून बराचसा टिकून आहे. त्यामुळे लेक बाळंत झालेली मावशी आणि सून बाळंत झालेले काका, दोघांनाही नातवंड झालं तरी दोघांचे दिवस अगदी निराळे जातात.

मावशीचं आधी बघू. लेक सातव्या-आठव्या महिन्यात घरी आलेली. तेव्हापासून तपासण्यांच्या तारखा, सोनोग्राफी, पायावरची सूज, रात्रीअपरात्री ‘आई, दुखतंय गं’ हे सगळं मावशीने निस्तरलेलं. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा आणून डब्यात भरून ठेवलेले. जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवलेली. बाळ झाल्यावर तर तिचं काम खरं सुरू होतं. मालिश करणाऱ्या बाई कधी येणार, शेक द्यायचा की नाही (डॉक्टर नको म्हणतात, शेजारच्या काकू हवाच म्हणतात), लेकीला जेवायला काय करायचं, बाळ रात्री जागलं तर कोणी घ्यायचं. या सगळ्यात ती आजी झाली आहे हे तिचं तिलाही सवडीने कळतं. तिला लिहिताना तिच्या दमण्याची दखल घेतली नाही, तर पुढचं कितीही गोड लिहा, ते वरवरचं वाटतं.

काकांचं याच्या उलट. त्यांना बातमी फोनवर कळते. पेढे किंवा बर्फी आणणं, देवापुढे ठेवणं, चाळीत किंवा सोसायटीत वाटणं हे ते हौसेने करतात. मग दोन-तीन दिवसांनी काका-काकू व्याह्यांच्या गावी जाऊन नातवाला तासभर बघून येतात. मांडीवर घेतलं न घेतलं, तोवर बाळ भुकेने रडतं आणि आत नेलं जातं. काकू बाळंतविडा घेऊन जातात: झबली, टोपडी, कुंची, दुपटं, चांदीचे वाळे, सुनेला साडी. त्यांच्या घरी बाळ यायला मात्र दोन-तीन महिने लागतात. म्हणजे आजी-आजोबा होऊन बाळ हाताशी नाही, असा काळ त्यांचा जातो. काकांना कामाचा ताण नसतो, पण बोलायला माणूस हवं असतं. त्यांना संदेशापेक्षा फोन अधिक पोचतो. फोनवर ‘बाळ पाहिलंत का? कसं आहे?’ एवढं विचारलं की पुढची पंधरा मिनिटं तेच बोलतात.

जिथे सोयर पाळतात तिथे आणखी एक फरक पडतो. मुलाकडच्या भाऊबंदांना दहा दिवस सोयर असतं, म्हणजे काकांच्या नातवाचं सोयर पुतण्या म्हणून तुमच्याही घराला लागतं. मावशीच्या नातीचं तुम्हाला लागत नाही. बाळ नेमकं गणपतीच्या तोंडावर झालं तर काकांच्या घरी आनंद आणि पेच एकदमच येतो. मूर्ती आणायची का, पूजा कोणी करायची, गुरुजी काय म्हणतात, हे सगळं चालू असतं. अशा वेळी ‘मग यंदा गणपतीचं काय?’ असा प्रश्न अभिनंदनाला जोडू नये. तो त्यांना त्या दिवशी शेजारच्या प्रत्येकाने विचारलेला असतो.

आता लिहायचं कसं? याचं उत्तर जुन्या पत्रांत आहे. काकांना पत्र जायचं ते ‘तीर्थस्वरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार’ असं सुरू व्हायचं आणि ‘सौ. वहिनीस नमस्कार, चि. बाळास अनेक आशीर्वाद’ असं संपायचं. ते मायने आज कोणी लिहीत नाही आणि लिहू नयेत, विनोदी दिसतात. पण त्यांच्यातला क्रम शहाणपणाचा होता. आपण धाकटे असलो तर मोठ्यांना नमस्कार करायचा, बरोबरीच्यांची विचारपूस करायची आणि आशीर्वाद फक्त बाळाला द्यायचा. आजच्या तयार संदेशांत हा क्रम हमखास बिघडतो. पंचविशीतला भाचा साठीच्या मामांना ‘तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, असेच सुखात राहा’ असं लिहून मोकळा होतो. मामा मनाला लावून घेत नाहीत, पण वाचताना जरा हसतात.

एक उदाहरण घेऊ. मावशी साताऱ्याची, तिच्या एकुलत्या एक मुलीला मुलगी झाली, पहाटे सिझर झालं. भाची पुण्यात. तिचा पहिला खर्डा असा होता: ‘मावशी, अभिनंदन!! आजी झालीस!! पहिली बेटी धनाची पेटी. नॉर्मल की सिझर? कोणावर गेलीय? फोटो टाक ना. नाव काय ठेवणार?’

यात वाईट हेतू कुठेच नाही. पण मावशीच्या जागी बसून वाचा. तीन प्रश्न आहेत आणि तिला प्रत्येकाचं उत्तर टाइप करायचं आहे, तेही चष्मा घरी विसरलेला असताना. ‘पहिली बेटी’ ही म्हण तर सरळ काढून टाकावी. मुलगा झाल्यावर अशी म्हण कोणी म्हणत नाही. मुलीच्या वेळीच तिची आठवण होते, म्हणजे ती समजूत काढायलाच आलेली असते. ‘लक्ष्मी आली’ हे बऱ्याच घरांत मनापासून म्हणतात, त्याला हरकत नाही, पण ज्या घरात मुलाची वाट पाहिली जात होती तिथे तेही समजुतीसारखंच ऐकू येतं. आणि ‘पुढच्या वेळी मुलगा होईल’ हे वाक्य कोणत्याही घरात, कोणत्याही सुरात म्हणू नये. बाळंतीण खोलीतच असते, तिला ऐकू येतं.

‘नॉर्मल की सिझर’ हा प्रश्न काळजीपोटी येतो, पण त्याला एक अदृश्य शेपूट असतं: सिझर म्हटलं की ‘का बरं? डॉक्टर घाई करतात हल्ली’. मावशीने रात्री दोन वाजता सहीचा कागद पाहिलेला असतो. आता तिला त्याचा खुलासा नातेवाइकांना करत बसायचा नसतो. वजनाचंही तसंच. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंतही उतरू शकतं, आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. तिसऱ्या दिवशी कोणी वजन विचारलं की आजी उतरलेला आकडा सांगते, पलीकडून ‘अगं बाई, कमी झालं?’ असं येतं आणि ती उगाच सुनेच्या किंवा लेकीच्या दुधाकडे संशयाने बघू लागते. एका आपुलकीच्या प्रश्नाने घरात दोन दिवस कुरबूर चाललेली पाहिली आहे.

नाव विचारण्याचीही घाई नको. नाव ठेवण्याचा मान बारशाला आत्याचा, आणि बऱ्याच घरांत बाराव्या दिवसापर्यंत नावावरून दोन्हीकडच्या आजी-आजोबांत गोड रस्सीखेच चाललेली असते. आपला प्रश्न नेमका त्यात जाऊन पडतो. सरकारी कागदासाठीही घाई नसते. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, पण ती नावाशिवाय होते आणि नाव मागाहून घालता येतं.

भाचीने मग हे लिहिलं:

‘मावशी, आजी झाल्याबद्दल तुझं आणि काकांचं मनापासून अभिनंदन. ताई आणि बाळ दोघी सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. रात्रभर जागी असशील, आता काकांना तिथे बसव आणि घरी जाऊन दोन तास झोप. ताईला सांग, मला तिचा फार अभिमान वाटतो, तिने सवडीने बोलावं. जिजूंचं आणि त्यांच्या आईबाबांचंही माझ्या वतीने अभिनंदन कर. आमच्या भाचीबाईंना खूप खूप आशीर्वाद. उत्तर देत बसू नकोस, मी रविवारी फोन करते.’

यात एकही प्रश्न नाही. आधी मावशी, मग काका, मग ताई, मग व्याही आणि शेवटी बाळ, असा सगळ्या घराला वळसा घातला आहे. ‘जिजूंच्या आईबाबांचंही’ हे अर्धं वाक्य दिसायला किरकोळ आहे, पण त्याची किंमत मावशीला कळते. बाळ तिच्या घरी असल्यामुळे सगळी अभिनंदनं तिच्याकडे येतात, विहीणबाई बाजूला पडतात आणि पहिली कुरकुर तिथूनच सुरू होते. मावशीला विहीणबाईंना सांगायला एक गोड निरोप मिळाला की तिचंही काम सोपं होतं. ‘भाचीबाई’ या शब्दाने भाचीने स्वतःची बढतीही गुपचूप सांगून टाकली आहे. मावसबहिणीची मुलगी म्हणजे आपल्याकडे आपलीच भाची, तेव्हा ती आता मावशी झाली. पण ‘मी मावशी झाले!’ असा जल्लोष पहिल्या ओळीत नाही, हे बरं. तो दिवस मावशीचा आणि ताईचा आहे.

काकांना लिहायचं असतं तर यातली झोपेची ओळ गेली असती. तिच्या जागी ‘तुम्ही दोघं बाळाला भेटून आलात की मला फोन करा, सगळं ऐकायचं आहे’ असं आलं असतं, आणि ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं असतं. मावशी आणि आत्या बहुतेक घरांत ‘तू’, काका बहुतेक घरांत ‘तुम्ही’. उगाच औपचारिक होऊन मावशीला ‘आपलं अभिनंदन’ लिहिलं की ती विचारते, बरी आहेस ना गं?

हे सगळं सुखरूप बातमीपुरतं झालं. कधी कधी बातमीच अडखळत येते. ‘मुलगा झाला. 34 आठवडे. 1 किलो 900. काचेच्या पेटीत ठेवलंय.’ 37 आठवडे पूर्ण होण्याआधी झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं समजतात आणि अडीच किलोच्या आतलं कमी वजनाचं. 34 आठवड्यांची बहुतेक बाळं चांगल्या देखभालीत नीट वाढतात, पण पहिले काही दिवस घरचे प्रत्येक तासाला वेगळं ऐकत असतात. ग्रुपवर अशा वेळी दोन टोकं दिसतात. काही जण बातमी न वाचताच लाडवांची चित्रं टाकतात, काही जण इतके घाबरतात की गप्प राहतात. माझ्या मते अभिनंदन म्हणावंच. बाळ आलं आहे, काका आजोबा झाले आहेत, आणि ते कोणीच बोलून दाखवलं नाही तर त्यांना घरावर संकट आल्यासारखं वाटतं. फक्त ‘काही होणार नाही’, ‘दोन दिवसांत घरी येईल’ असली भाकितं करू नयेत, ती आपल्या हातात नसतात. ‘काका, नातवाबद्दल अभिनंदन. वहिनी कशी आहे? रात्री दवाखान्यात मी थांबू शकतो, उद्या डबाही आणतो’ एवढं पुरे. सिझर झालेली आई पहिले दिवस पेटीपर्यंत जाऊही शकत नाही आणि सगळ्यांचे डोळे बाळाकडे असतात, म्हणून तिची विचारपूस आधी.

अशा बाळांना बऱ्याच दवाखान्यांत आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं धरून ठेवायला सांगतात, त्याने बाळाची ऊब टिकते. आई थकलेली असेल तर घरचं दुसरं माणूसही हे करू शकतं. काकू रोज दुपारी खुर्चीवर मागे रेलून, वर दवाखान्याचा झगा आणि आत तळहाताएवढी पाठ असलेलं बाळ घेऊन बसल्या आहेत, हे चित्र आता नवलाचं राहिलेलं नाही. त्या वेळी त्यांचा फोन पर्समध्ये असतो. त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी ‘काही कळवलं नाहीत?’ असं विचारू नये.

बाळ दत्तक आलं असेल तर अभिनंदन अगदी हेच, तेवढ्याच जोरात. त्यातून फक्त ‘कोणावर गेलंय’ वगळायचं. आणि ‘पुण्याचं काम केलंत’ हेही. काकांना नात झाली आहे, त्यांनी देणगी दिलेली नाही.

परदेशातल्या बाळंतपणाची गंमत निराळी. आपल्याकडे जन्माआधी मुलगा की मुलगी हे सांगायला 1994 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून बातमी फुटते ती जन्मादिवशीच. अमेरिकेतल्या लेकीची गोष्ट मात्र महिनोन् महिने आधीच कळलेली असते. मावशी विमानात बसते तेव्हा नातीची गुलाबी झबली बॅगेत असतात, आणि जन्माच्या दिवशी नवीन असतं ते एवढंच की झाली, सुखरूप झाली. तिकडे पाहुण्यांना एका वेळी साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणून दोन्ही आज्या पाळीपाळीने जातात: आधी लेकीची आई, ती परतली की सासूबाई. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. आपल्या सकाळच्या चहाच्या वेळी मावशी तिथली रात्रीची भांडी विसळत असते. फोन त्या हिशेबाने करावा.

यात एक माणूस सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. मावशी गेली, पण काकांची रजा नव्हती, किंवा गुडघे, किंवा घरात त्यांची म्हातारी आई, म्हणून ते कोथरूडच्या घरी एकटेच राहिले. आजोबा तेही झाले. त्यांना नात दिसते ती फोनच्या पडद्यावर, बहुधा झोपलेली. अभिनंदनाचे सगळे संदेश मावशीच्या नावावर पडतात. अशा काकांना संदेश पाठवू नये. संध्याकाळी बर्फीचा पुडा घेऊन थेट घरी जावं, फोटो बघावेत, त्यांना बाहेर जेवायला न्यावं. त्यांना नातीबद्दल बोलायला समोर माणूस मिळतं, आणि वरण-भाताचा कुकर एक रात्र सुटतो.

बारशाला जाणार असाल तर पाकीट आणि झबली हे ठरलेलंच आहे, त्यावर फार डोकं चालवू नये. झबलं घेतलं तर सहा महिन्यांच्या मापाचं घ्यावं, कारण नवजात मापाचे कपडे प्रत्येक जण आणतो आणि बाळ ते महिन्याभरात सोडतं. घरी गेल्यावर बाळ मागून घेऊ नये, दिलं तर हात धुऊन घ्यावं, सर्दी असेल तर बारसं चुकवावं. पाळण्यात वरवंटा घालणं, आत्याने कानात नाव सांगणं, तिच्या पाठीत पडणारे धपाटे आणि मग घुगऱ्या, हा सगळा कार्यक्रम बायकांच्या हातात असतो. अभिनंदनाला आलेल्या भाच्याने तोवर बाहेर व्याह्यांशेजारी बसून त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत. ते त्या घरात पाहुणे असतात आणि त्यांना तिथे कोणी ओळखीचं नसतं.

आणि एक जण ग्रुपवर नसते. काकांची आई, म्हणजे आता पणजी. तिच्यावर सोन्याची फुलं उधळायची हौस अजून काही घरांत पुरवतात. एरवी मात्र सगळे काका-काकूंना आजी-आजोबा झाल्याबद्दल लिहितात आणि खाटेवरच्या आजीपर्यंत त्यातलं काही जात नाही. काकांना लिहिलेल्या संदेशात तिच्यासाठी एक ओळ वेगळी घालावी: ‘आजी, पणजी झालीस, नमस्कार करते, पतवंडाला घेऊन लवकर भेटू.’ काका ती तिला मोठ्याने वाचून दाखवतील. तिला कमी ऐकू येत असेल तर दोनदा.